अर्धं मार्चमध्ये, उरलेलं एप्रिलमध्ये: गुंतवणूक विकताना कर कसा वाचवायचा

फेब्रुवारी संपत आला होता. शेजारच्या वहिनी हातात फोन घेऊन आल्या. मुलाच्या कॉलेजची फी आणि होस्टेल मिळून जूनमध्ये पाच लाख लागणार होते. म्युच्युअल फंडात पैसे होतेच. जानेवारी २०२० पासून दर महिन्याला दहा हजारांची एसआयपी चालू आहे. त्यांचा प्रश्न एवढाच होता: "भावोजी, हे बटण दाबलं की पैसे येतात ना? मग आत्ताच दाबू का?"

पैसे येतात, पण कर किती लागणार हे त्या बटणाच्या तारखेवर ठरतं. मी गेली बरीच वर्षं लोकांची रिटर्न भरून देतो. माझा अनुभव असा की कर वाचवायच्या बहुतेक संधी लोक विकताना घालवतात. गुंतवताना त्यांनी केलेली चूक त्यामानाने छोटी असते. म्हणून वहिनींचीच गोष्ट धरून पायरी-पायरीने सांगतो. खाली दिलेले दर २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत. एप्रिलनंतरच्या विक्रीलाही तेच दर धरून हिशेब केला आहे.

पहिली पायरी: युनिट किती जुनं आहे ते बघा

बँकेच्या ॲपवर "एकूण गुंतवणूक, एकूण नफा" एवढंच दिसतं. त्यावरून कर काढता येत नाही. एसआयपीचा प्रत्येक हप्ता ही वेगळी खरेदी असते आणि तिचा वाढदिवसही वेगळा असतो. मार्च २०२५ चा हप्ता मार्च २०२६ मध्ये जेमतेम वर्षाचा होतो, त्याच फंडातला जानेवारी २०२० चा हप्ता मात्र सहा वर्षांचा झालेला असतो.

त्यामुळे आधी कॅम्स किंवा केफिनटेक यांच्या संकेतस्थळावरून कॅपिटल गेन स्टेटमेंट मागवा. तुमचा फंड या दोनपैकी एकाकडे असतो. स्टेटमेंट ईमेलवर येतं आणि पासवर्ड टाकून उघडावं लागतं. न विकलेल्या युनिटचा तपशील दाखवणारं स्टेटमेंट मागायला विसरू नका. नुसतं मागच्या विक्रीचं स्टेटमेंट मिळालं तर पुढचं नियोजन करता येत नाही.

आता मुदत. शेअर आणि इक्विटी फंड बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवले तर नफा दीर्घ मुदतीचा. त्यावर वर्षाला १.२५ लाखांपर्यंत कर नाही, त्यापुढच्या रकमेवर १२.५ टक्के. बारा महिने किंवा त्याआधी विकले तर नफा अल्प मुदतीचा, त्यावर सरळ २० टक्के आणि कुठलीही माफी नाही. वर ४ टक्के सेस आहेच. २३ जुलै २०२४ पासून हे असं आहे. त्याआधी १५ आणि १० टक्के होते, म्हणून जुने लेख वाचून हिशेब करू नका.

"पेक्षा जास्त" या शब्दांवर मी स्वतः एकदा अडखळलो आहे. वर्ष झालं असं धरून मी काही युनिट विकले आणि नंतर लक्षात आलं की तीन दिवस कमी पडले होते. बाजार कुठेच पळणार नव्हता, घाई माझीच होती. तेव्हापासून मी वर्ष पूर्ण झाल्यावर आणखी दोन-तीन दिवस जाऊ देतो. १० मार्चला घेतलेलं युनिट पुढच्या १० मार्चला विकायचं नाही, १२-१३ तारखेला विकायचं.

दुसरी पायरी: आधी कुठलं युनिट जातं ते समजून घ्या

फंडातून पैसे काढताना आधी आलेलं आधी जातं. म्हणजे आधी जानेवारी २०२०, मग फेब्रुवारी २०२०, असं ओळीने. "माझं नवं युनिट विका, जुनं ठेवा" असं सांगता येत नाही. ही रांग एका फोलिओपुरती, म्हणजे फंडातल्या एका खात्यापुरती असते, म्हणून एकाच फंडाचे दोन फोलिओ असतील तर कुठल्या फोलिओतून काढायचं हे तुम्ही निवडू शकता. पण बहुतेकांचा फोलिओ एकच असतो, वहिनींचाही एकच होता.

या रांगेचा एक फायदा आहे: सगळ्यात जुने युनिट जातात, त्यामुळे अल्प मुदतीचा २० टक्क्यांचा कर सहसा लागत नाही. तोटा असा की जुन्या युनिटमध्ये नफा सर्वात जास्त साठलेला असतो. पहिले एक-दोन लाख काढताना त्यातला निम्म्याहून जास्त भाग नफाच असतो.

वहिनींच्या स्टेटमेंटवरून हिशेब असा निघाला. पाच लाखांसाठी जानेवारी २०२० ते डिसेंबर २०२१ चे २४ हप्ते विकावे लागणार होते. त्यांची खरेदी २,४०,०००, म्हणून नफा २,६०,०००. एका दमात विकलं तर १.२५ लाख वजा जाता १,३५,००० करपात्र. त्यावर १२.५ टक्के म्हणजे १६,८७५, सेस धरून १७,५५०.

वहिनी म्हणाल्या, "पण माझा पगार नऊ लाख. बारा लाखांपर्यंत कर नाही म्हणतात ना?"

हा गैरसमज फार लोकांचा आहे. नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, कारण आधी कर काढून मग सूट दिली जाते. वहिनींचा पगार स्टँडर्ड डिडक्शनचे ७५ हजार जाऊन ८.२५ लाख उरतो. त्यावर २२,५०० कर येतो आणि सवलतीत तो सगळा माफ होतो. पण इक्विटीच्या नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नावरचा कर त्या सवलतीत माफ होत नाही. म्हणून पगारावर शून्य आणि फंडावर १७,५५०, असं चित्र दिसतं. ज्यांना हे माहीत नसतं त्यांना ते जुलैमध्ये रिटर्न भरताना कळतं, आणि तेव्हा तारीख मागे नेता येत नाही.

तिसरी पायरी: ३१ मार्चच्या दोन्ही बाजूंना विका

१.२५ लाखांची माफी दर आर्थिक वर्षाला नव्याने मिळते. न वापरलेली माफी पुढच्या वर्षी जात नाही. फी जूनमध्ये भरायची होती, म्हणजे आपल्या हातात दोन वर्षं होती: काही विक्री मार्चमध्ये आणि उरलेली एप्रिलमध्ये.

इथे सहज सुचतो तो अर्धा-अर्धा हिशेब, अडीच लाख आणि अडीच लाख. पण रांगेमुळे पहिल्या अर्ध्यात नफा जास्त असतो. अडीच लाख काढले असते तर मार्चमध्येच नफा १.२५ लाखांच्या वर गेला असता. म्हणून पैशांवरून नाही, नफ्यावरून उलट मोजायचं: रांगेत पुढे जात राहायचं आणि नफ्याची बेरीज १.२५ लाखांजवळ आली की थांबायचं. वहिनींच्या बाबतीत पहिल्या नऊ हप्त्यांवर थांबलो. त्यांची खरेदी ९० हजार, किंमत २,१५,०००, नफा बरोबर १,२५,०००. (प्रत्यक्षात आम्ही थोडं कमीच विकलं, कारण विक्रीच्या दिवसाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, आधी कळत नाही. चार-पाच हजारांची मोकळी जागा ठेवावी.)

उरलेले २,८५,००० एप्रिलमध्ये काढायचे. त्यात पंधरा हप्ते जातात, खरेदी १,५०,०००, नफा १,३५,०००. माफीच्या वर फक्त दहा हजार, म्हणजे कर १,२५० आणि सेस ५०. सतरा हजार पाचशे पन्नासच्या जागी तेराशे.

यात धोका आहे आणि तो सांगितल्याशिवाय हा सल्ला देणं बरोबर नाही. एप्रिलचा हिस्सा तोवर बाजारात राहतो. कर वाचला १६,२५०. २,८५,००० रुपयांची किंमत सुमारे पावणेसहा टक्के पडली तर तो वाचलेला कर तिथेच जातो. म्हणून दोन विक्रींमधलं अंतर आठवड्याभराचं ठेवलं: एक मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, दुसरी एप्रिलच्या पहिल्या दिवसांत. कुणी "फेब्रुवारीत अर्धं, मेमध्ये अर्धं" असं करत असेल तर तो कर वाचवत नाही, तीन महिने बाजारावर पैज लावतो आहे. फी ठरलेल्या तारखेला भरायची असते. अशा पैशांसाठी मी पैज लावत नाही.

शेवटच्या दिवसापर्यंतही ताणू नका. दुपारी तीननंतर विक्री टाकली तर पुढच्या कामकाजाच्या दिवसाची एनएव्ही मिळते. ३१ मार्चला साडेतीन वाजता टाकलेली विक्री नव्या वर्षात जाते, आणि मग दोन्ही हिस्से एकाच वर्षात येतात. मार्चअखेरीस सुट्ट्याही असतात. २५-२६ तारखेपर्यंत काम उरकलेलं बरं.

चौथी पायरी: कुठली वस्तू विकायची ते माणूस बघून ठरवा

तो उरलेला तेराशेचा कर घालवता येतो का? येतो. वहिनींचा थोडा पैसा डेट फंडातही होता, २०२४ मध्ये घेतलेला. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या डेट फंडाचा नफा कितीही वर्षं ठेवला तरी अल्प मुदतीचाच धरला जातो आणि पगारात मिळवून स्लॅबप्रमाणे त्यावर कर लागतो. ऐकायला हे वाईट वाटतं. ३० टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसासाठी ते आहेही वाईट. पण वहिनींसाठी उलटं आहे, कारण स्लॅबच्या उत्पन्नाला बारा लाखांपर्यंतची ती सवलत मिळते. त्यांच्या डेट फंडाच्या नफ्यावर, एफडीच्या व्याजावर प्रत्यक्षात काहीच कर पडत नाही, आणि इक्विटीचा १.२५ लाखांवरचा नफा मात्र १२.५ टक्के घेतो.

म्हणून एप्रिलमध्ये इक्विटी फंडातून साधारण पंचवीस हजार कमी काढले आणि ते डेट फंडातून घेतले. कर शून्यावर आला. त्याच ठिकाणी वीस-पंचवीस लाख पगाराचा माणूस असता तर मी त्याला डेट फंडाला हात लावू नका म्हणालो असतो आणि माफीच्या वरचे दहा हजारही इक्विटीतूनच काढायला सांगितले असते.

सोन्याबद्दल दोन शब्द, कारण फी भरायला घरातलं सोनं काढणारे पुष्कळ असतात. दागिने, नाणी, वळी २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नफ्यावर १२.५ टक्के, सव्वा लाखांची ती माफी इथे नाही. गोल्ड ईटीएफसाठी मुदत बारा महिन्यांची. आईने किंवा सासूबाईंनी दिलेल्या दागिन्याची मुदत तुम्हाला मिळाल्या दिवसापासून मोजायची नसते, त्यांनी घेतल्या दिवसापासून मोजायची असते, आणि खरेदी किंमतही त्यांचीच धरायची. दागिना १ एप्रिल २००१ च्या आधीचा असेल तर त्या दिवसाची बाजारभावाची किंमत घेता येते. सराफाकडे जुनी पाटली देऊन नवी घडवून घेणं हीसुद्धा कायद्याने विक्रीच आहे. रोख हातात आली नाही म्हणून कर नाही असं नसतं.

हाच खड्डा फंडातही आहे. एका फंडातून दुसऱ्या फंडात स्विच केलं, किंवा त्याच फंडाच्या रेग्युलर प्लॅनमधून डायरेक्टमध्ये गेलात, तर बँकेत रुपयाही येत नाही, पण कागदावर विक्री झालेली असते. माझ्याकडे दरवर्षी दोन-तीन जण येतात ज्यांना "मी तर काही विकलंच नाही" असं ठामपणे वाटत असतं. आयकराच्या संकेतस्थळावरचं एआयएस, म्हणजे तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांचं पत्रक उघडलं की तिथे विक्री दिसते.

जमीन किंवा घर २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेलं असेल तर भारतात राहणाऱ्या व्यक्तीला दोन वाटा आहेत: महागाई निर्देशांक न लावता १२.५ टक्के, किंवा तो लावून २० टक्के. जो कर कमी तो भरायचा. उदाहरण घ्या: २०१०-११ मध्ये दहा लाखांना घेतलेला प्लॉट २०२५-२६ मध्ये तीस लाखांना विकला. पहिल्या वाटेने वीस लाखांवर अडीच लाख कर. दुसऱ्या वाटेने निर्देशांक १६७ वरून ३७६ झालेला असल्याने खरेदी साडेबावीस लाख धरली जाते, नफा साडेसात लाखांच्या आसपास आणि कर दीड लाखाच्या जवळ. प्लॉटची किंमत महागाईच्या मानाने फार पटीत वाढली असेल तर उत्तर उलटं येतं. दोन्ही करून बघायचे, अंदाज करायचा नाही.

पाचवी पायरी: कर वाचवणारी योजना घेण्याआधी पद्धत तपासा

बोलता बोलता वहिनींनी पर्समधून एक कागद काढला. ऑफिसात एक गृहस्थ आले होते, "मार्चपूर्वी पॉलिसी घ्या, टॅक्स वाचेल" म्हणून. वर्षाला पन्नास हजारांचा हप्ता, बारा वर्षं.

मी विचारलं, "कर किती भरता?"

"शून्य."

"मग वाचणार काय?"

८० सीची दीड लाखाची वजावट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते. वहिनींनी जुनी पद्धत निवडून दीड लाख पूर्ण भरले तरी काय होतं ते कागदावर मांडून दाखवलं. नऊ लाखांतून ५० हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन आणि दीड लाख गेले, उरले सात लाख. कर ५२,५००, सेस धरून ५४,६००. नव्या पद्धतीत काहीही न गुंतवता शून्य. म्हणजे ती पॉलिसी घेऊन, वर जुनी पद्धत निवडून, त्या चोपन्न हजार जास्त भरणार होत्या. पॉलिसी नव्या पद्धतीत राहून घेतली असती तर निदान तो कर लागला नसता, पण मग कर वाचवण्याचं कारणही उरलं नसतं.

जुनी पद्धत कुणाला परवडते? अठरा लाख पगाराच्या माणसाचा हिशेब बघा. नव्या पद्धतीत सेस धरून त्याचा कर १,५०,८०० होतो. जुन्या पद्धतीत तेवढाच कर यायला स्टँडर्ड डिडक्शन सोडून जवळपास ६.४ लाखांच्या वजावटी लागतात. ८० सीचे दीड लाख, गृहकर्जाच्या व्याजाचे दोन लाख, आरोग्य विम्याचे पंचवीस हजार, एनपीएसचे पन्नास हजार, सगळं मिळून ४.२५ लाख होतात. त्यावर सव्वादोन लाखांची घरभाड्याची सूट मिळाली तर कुठे जुनी पद्धत जमते. गावाकडच्या घराचं कर्ज आणि पुण्या-मुंबईत भाड्याने राहणं असं ज्यांचं आहे, त्यांनी हा हिशेब जरूर करावा. बाकीच्यांनी दोन्ही आकडे काढून पाहावेत, पण बहुतेक वेळा उत्तर नवी पद्धत असंच येतं.

म्हणून माझा क्रम असा असतो. आधी दोन्ही पद्धतींचा कर काढायचा. जुनी जिंकली तर मग ८० सीत काय भरायचं ते बघायचं, आणि तिथेही आधी पगारातून कापला जाणारा पीएफ, मुलांची शाळेची ट्यूशन फी आणि गृहकर्जाची मुद्दल मोजायची. अनेकांचे दीड लाख यातच भरलेले असतात आणि तरी ते मार्चमध्ये नवी पॉलिसी घेतात. जागा उरली तर दीर्घ मुदतीसाठी ईएलएसएस, म्हणजे ८० सीत बसणारा इक्विटी फंड, किंवा पीपीएफ. ईएलएसएसला तीन वर्षांचं कुलूप असतं आणि तेही प्रत्येक हप्त्याला वेगळं. मार्च २०२६ चा हप्ता मार्च २०२९ मध्ये सुटतो, पहिल्या हप्त्याबरोबर नाही. पाच वर्षांच्या टॅक्स सेव्हिंग एफडीत भरलेल्या रकमेची वजावट मिळते, पण व्याजावर दरवर्षी कर लागतो, हे बँकेत सहसा ठळक सांगत नाहीत.

नवी पद्धत जिंकली तर ईएलएसएस म्हणजे तीन वर्षं कुलूप लावलेला एक साधा इक्विटी फंड. त्या कुलपाचा मोबदला काही नाही, मग कुलूप नसलेला फंड घ्या. पीपीएफ मात्र नव्या पद्धतीतही टिकून आहे, कारण भरलेल्या रकमेची वजावट नसली तरी व्याज करमुक्त राहतं. २०२० पासून ७.१ टक्के मिळतात, आणि ३० टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाला एवढा हातात येणारा परतावा एफडीतून मिळत नाही. वहिनींसारखीला मात्र एफडीवर कर पडतच नाही, त्यामुळे पंधरा वर्षांच्या कुलपाचा तिला कराच्या दृष्टीने फारसा फायदा नाही. पीपीएफमध्ये पैसे पाच तारखेच्या आत भरा, पाच तारखेनंतर भरलेल्या रकमेवर त्या महिन्याचं व्याज मिळत नाही.

नव्या पद्धतीतही चालणारी एक वजावट लोक विसरतात: कंपनीने तुमच्या एनपीएसमध्ये भरलेली रक्कम, मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या १४ टक्क्यांपर्यंत. ती तुम्ही स्वतः भरून चालत नाही, पगाराच्या रचनेतच बसवून घ्यावी लागते. एचआरला एप्रिलमध्ये विचारा, मार्चमध्ये विचारून उपयोग नाही.

रिटर्न भरताना

नफा करमुक्त असला तरी दाखवावा लागतो. मार्चच्या विक्रीतला वहिनींचा नफा १.२५ लाखांच्या आत आहे आणि मागचा तोटा ओढायचा नाही, त्यामुळे त्या वर्षाला त्यांचं आयटीआर-१ चालतं. नफा त्याच्या वर गेला असता किंवा अल्प मुदतीचा थोडा जरी असता तर आयटीआर-२ भरावं लागलं असतं. कुणाला तोटा झाला असेल तर तो पुढची आठ वर्षं वापरता येतो, अट अशी की रिटर्न मुदतीत भरलेलं हवं. दीर्घ मुदतीचा तोटा फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातून वजा होतो, अल्प मुदतीचा दोन्हींतून.

वहिनींनी पॉलिसीचा कागद परत पर्समध्ये घातला. मग विचारलं, "आणि हे १.२५ लाखांचं, पुढच्या वर्षी पैसे नको असले तरी करता येतं का?" येतं. मार्चमध्ये तेवढ्या नफ्याचं विकायचं, एक-दोन दिवसांनी तेवढंच परत घ्यायचं. खरेदीची किंमत वर सरकते आणि पुढच्या मोठ्या विक्रीतला कर कमी होतो. फक्त नव्याने घेतलेल्या युनिटची बारा महिन्यांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि बऱ्याच फंडांत वर्षाच्या आत काढलं तर एक टक्का एक्झिट लोडही लागतो. ज्या पैशांची वर्षभरात गरज पडू शकते, ते असे फिरवू नका.